डाळ, ताटं आणि दोन पानं

शोधनिबंधाचा सारांश लिहिणं आणि शोधनिबंधावरून धोरण-टिपण लिहिणं ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला गेल्या काही वीकांतांत नीट कळलं. माझी मावसबहीण सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, आणि तिच्या कामाचा एक भाग म्हणजे जाडजूड संशोधन दोन पानांत आणणं. ही दोन पानं ज्याच्या हातात जातात तो माणूस संशोधक नसतो. त्याच्या टेबलावर पन्नास फायली असतात, बाहेर लोक ताटकळत असतात, आणि दहा मिनिटांनी त्याला मीटिंगला जायचं असतं. ताईच्या भाषेत सांगायचं तर, "पेपर सांगतो आम्हाला काय सापडलं. टिपणानं सांगायचं की साहेब, आता तुमच्यापुढे काय काय पर्याय आहेत."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, ह्यात काय, महत्त्वाची वाक्यं उचलायची, बारीक करायची, झालं! तर ताई म्हणाली, "मग बस माझ्याबरोबर. सरावाला एक पेपर घेऊ." तिनं जो पेपर निवडला तो इतका सुंदर आहे की त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पेपर आहे २०१० सालचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला. लेखक अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि ध्रुव कोठारी. (ह्यातल्या पहिल्या दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण टिपणात हे लिहायचं नाही. का, ते पुढे सांगतो.) जागा राजस्थानातला उदयपूर जिल्हा. काम प्रत्यक्ष चालवलं तिथल्या सेवा मंदिर या संस्थेनं.

प्रश्न साधा होता. लस फुकट आहे, सरकारी केंद्रं आहेत, तरी त्या भागात मुलांचं लसीकरण पूर्ण का होत नाही? एक शक्यता अशी की केंद्रावर जावं तर नर्सबाई जागेवर असतीलच ह्याचा भरवसा नाही. दुसरी शक्यता अशी की आईला लसीचं महत्त्व पटलेलं असतं, पण आजची मजुरी बुडवून जायचं म्हटलं की ते उद्यावर जातं. आणि उद्या काही येत नाही.

म्हणून त्यांनी १३४ गावं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. तीस गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी लसीकरणाचं शिबिर भरणार. नर्स खरोखर आली की नाही हे तारीख-वेळ उमटलेल्या फोटोवरून तपासायचं. आणखी तीस गावांत हेच सगळं, पण वर प्रत्येक लसीच्या फेरीला एक किलो डाळ, आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्या की जेवणाच्या ताटांचा संच. उरलेल्या ७४ गावांत जे पूर्वी चालायचं तेच.

निकाल असा, की एक ते तीन वर्षांच्या मुलांपैकी सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं नेहमीच्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिराच्या गावांत १८ टक्के आणि शिबिर अधिक डाळवाल्या गावांत ३९ टक्के. आता ह्याची दोन पानं करायची.

टेबल कुणाचं?

मी लगेच कळफलक पुढ्यात ओढला. ताईनं विचारलं, "कुणासाठी लिहितोयस?"

"सरकारसाठी."

"सरकार म्हणून कुणी खुर्चीवर बसत नाही रे. माणूस सांग."

हा प्रश्न मला आधी उगीच वाटला, पण सगळं टिपण त्याच्यावर उभं राहतं. आम्ही ठरवलं की आपला वाचक म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या आदिवासी जिल्ह्याचा जिल्हा आरोग्य अधिकारी. हे ठरताच अर्धी वाक्यं आपोआप गळाली. ह्या अधिकाऱ्याच्या हातात काय आहे? गावोगावच्या लसीकरण सत्रांचं वेळापत्रक, त्यावरची देखरेख, कुठली नर्स कुठे जाणार हे. त्याच्या हातात काय नाही? डाळ खरेदीसाठी नवीन पैसे. ते हवे असतील तर जिल्ह्याच्या आराखड्यात मागणी घालायची, तो राज्याकडे जाणार, राज्याचा आराखडा पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे जाणार, आणि मंजुरी आली तर पुढच्या आर्थिक वर्षात.

म्हणजे तोच पेपर, पण वाचक बदलला की टिपण बदलतं. राज्याच्या आरोग्य सचिवासाठी लिहायचं असतं तर डाळीचा खर्च पहिल्या पानावर आला असता. जिल्हा अधिकाऱ्यासाठी पहिलं पान पक्क्या दिवसाचं, कारण ते तो ह्याच महिन्यात करू शकतो. ज्याच्या हातात जे नाही ते त्याला करायला सांगणारं टिपण वाचलं जातं, मान डोलावली जाते आणि फाईल बंद होते.

मुख्य संदेश

दोन पानांत मुख्य संदेश तीन, फार तर चार. प्रत्येक संदेश म्हणजे एक पूर्ण वाक्य, आणि ते वाक्य एकटं वाचलं तरी खरं ठरलं पाहिजे. कारण ते एकटंच वाचलं जाणार आहे. मीटिंगमध्ये कुणीतरी तेवढंच उचलून सांगणार.

पेपरात एक आकडा आहे, की डाळवाल्या गावातल्या मुलाचं लसीकरण पूर्ण असण्याची शक्यता नेहमीच्या गावापेक्षा ६.७ पट होती. मला तो फार आवडला. "डाळ दिल्यास लसीकरण जवळजवळ सातपट!" मथळाच की हा!

ताईनं मला दोन काल्पनिक ओळी लिहून दाखवल्या. एका ठिकाणी शंभरातली १ मूल ७ वर गेलं, दुसऱ्या ठिकाणी १४ वरून ९८ वर. दोन्ही सातपट. पहिल्यात अधिकाऱ्याला सहा मुलं मिळाली, दुसऱ्यात प्रश्नच संपला. "'पट' म्हटलं की सुरुवात कुठून झाली ते लपतं. आणि अधिकाऱ्याला पट नको असतात, मुलं हवी असतात."

म्हणून आम्ही 'शंभरातली किती' अशीच भाषा ठेवली. पहिला संदेश झाला असा: *लसीकरणाचा दिवस पक्का ठेवून तो खरोखर पाळला, तेव्हा पूर्ण लसीकरण झालेली मुलं शंभरात ६ वरून १८ झाली.* दुसरा: *त्याच शिबिरात दर फेरीला एक किलो डाळ आणि शेवटी ताटं दिली, तेव्हा ती शंभरात ३९ झाली.*

इथे अजून एक गोष्ट लपलेली आहे. शंभरात ३९ म्हणजे ६१ मुलं अजून बाकी आहेत! पेपर वाचताना ६ वरून ३९ ची उडी इतकी भारी वाटते की हे लक्षातच येत नाही. ताईचा नियम असा, की आलेखाची उभी पट्टी शून्यापासून शंभरपर्यंतच काढायची. चाळीसपर्यंत काढली तर ३९ चा खांब कागदाच्या डोक्याला टेकतो आणि वाटतं, झालं काम. शंभरपर्यंत काढली की वरची मोकळी जागा आपोआप बोलते.

मग अनिश्चिततेचं काय करायचं? पेपर म्हणतो की ३९ हा आकडा ३० ते ४७ च्या दरम्यान असू शकतो आणि १८ हा ११ ते २३ च्या दरम्यान. संशोधकांना ह्याचं पूर्ण शास्त्र कळतं, पण अधिकाऱ्याच्या टिपणात '९५ टक्के विश्वासमर्यादा' असा शब्द टाकला तर एक तर तो घाबरतो नाहीतर सोडून पुढे जातो. पण काढून टाकणंही खोटं. आम्ही लिहिलं: "३९ हा अंदाज आहे; तो ३० ते ४७ मध्ये कुठेही असू शकतो. पण त्याची खालची बाजूसुद्धा नुसत्या शिबिराच्या वरच्या बाजूपेक्षा (२३) जास्त आहे." दोन वाक्यं. शास्त्र सांगितलं नाही, पण शास्त्रातून निघणारं उत्तर सांगितलं, की हा फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही.

'आमिष' की 'प्रोत्साहन'?

भाषांतराची एक वेगळीच गंमत आहे. मी सहज लिहून गेलो, "डाळीचं आमिष दाखवल्यास". ताईनं पेनानं गोल केला. "हा एक शब्द टिपण बुडवेल." आमिष म्हटलं की गळ आला, मासा आला, फसवणूक आली. कुठलाही अधिकारी 'आमिष योजने'वर सही करणार नाही. 'बक्षीस' म्हटलं तर स्पर्धा वाटते. 'प्रोत्साहन' हा शब्द सरकारी मराठीत रुळलेला आहे, त्याच्या नावानं रकमा मिळतात, त्याला कुणी दचकत नाही.

"पण हे शब्दांचं राजकारण नाही का?" मी विचारलं.

"आहेच. म्हणून शब्दाच्या शेजारी वस्तू लिहायची. 'प्रोत्साहन (एक किलो डाळ, किंमत तेव्हा सुमारे ४० रुपये)'. मग ज्याला त्यात आमिष दिसायचं त्याला दिसू दे."

हे मला पटलं. शब्द सौम्य असला तरी वस्तू उघडी ठेवायची.

तसंच 'पूर्ण लसीकरण' ह्या शब्दाचं. तेव्हाच्या यादीत बीसीजी, ट्रिपल आणि पोलिओचे प्रत्येकी तीन डोस, आणि गोवर एवढंच होतं, आणि ते पाच फेऱ्यांत पूर्ण व्हायचं. आज सरकारी यादी त्याहून लांब आहे. म्हणून टिपणात एका ओळीत सांगावंच लागतं की पेपरातलं 'पूर्ण' म्हणजे काय. नाहीतर अधिकारी आपल्या आजच्या आकड्याशी ते ताडून बघणार आणि दोन वेगवेगळ्या गोष्टींची तुलना होणार.

खर्चाचं कोडं

तिसरा संदेश खर्चाचा, आणि माझ्या मते हाच पेपरातला सगळ्यात मजेदार भाग. पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे खर्च नुसत्या शिबिरात आला २२०२ रुपये, आणि डाळवाल्या शिबिरात ११०२ रुपये. म्हणजे वस्तू वाटूनही काम निम्म्या खर्चात झालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, छापताना आकड्यांची अदलाबदल झाली की काय!

झालेली नाही. शिबिराचा मोठा खर्च ठराविक असतो. नर्स, मदतनीस, प्रवास, सगळं आलंच. पाच मुलं आली तरी तेवढाच आणि बारा आली तरी तेवढाच. कळायला सोपं पडावं म्हणून माझ्या मनाचे आकडे घेतो. समजा एका शिबिराचा ठराविक खर्च १००० रुपये. पाच मुलं आली तर मुलामागे २०० रुपये. आता ४० रुपयांची डाळ ठेवली आणि बारा मुलं आली. एकूण खर्च १००० अधिक ४८०, म्हणजे १४८०. मुलामागे झाले साधारण १२३ रुपये. रिकाम्या बसलेल्या नर्सबाई ह्या डाळीपेक्षा महाग पडतात, एवढाच ह्याचा अर्थ.

पण माझ्या ह्याच उदाहरणात दुसरी गोष्ट बघा. मुलामागचा खर्च कमी झाला, पण एकूण खर्च १००० वरून १४८० झाला. वित्त विभागाला मुलामागचा खर्च दिसत नाही, त्यांना एकूण दिसतो. टिपणात फक्त "खर्च निम्मा होतो" असं लिहिलं तर साहेबांना वाटेल की अंदाजपत्रकात बचत होणार, आणि मग मागणीचा कागद बघून ते म्हणतील, अहो, हे तर वाढलंय! त्या क्षणी टिपणावरचा विश्वास गेला. म्हणून तिसरा संदेश आम्ही असा लिहिला: *पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागचा खर्च निम्म्यावर आला (२२०२ वरून ११०२ रुपये, तेव्हाच्या किमतीत), कारण त्याच शिबिराला जास्त मुलं आली. मात्र डाळ आणि ताटांसाठी वेगळी तरतूद लागते.*

'तेव्हाच्या किमतीत' हे दोन शब्दांचं शेपूट काढायचा मोह होतो. काढायचं नाही. ते रुपये २००० च्या दशकातले आहेत, आज कुणी त्यावरून डाळीची ऑर्डर काढली तर पंचाईत होईल.

पर्याय

दुसरं पान पर्यायांचं. इथे एक जुनी खोड असते असं ताई सांगते. लिहिणाऱ्याला एक पर्याय आवडलेला असतो, मग तो शेजारी दोन बुजगावणी उभी करतो. 'काहीच न करणे', 'सगळं करणे', आणि मधे आपला लाडका! अधिकारी असले कागद वर्षानुवर्षं बघत आलेले असतात. त्यांना ते लगेच ओळखू येतं.

पर्याय खरा आहे की बुजगावणं, हे ओळखायची ताईची कसोटी अशी: एखादा शहाणा माणूस तो पर्याय निवडेल अशी एक तरी परिस्थिती सांगता आली पाहिजे. आम्ही तसे तीन मांडले, आणि 'आहे तसं चालू ठेवणं' हे तुलनेसाठी वर ठेवलं.

पहिला पर्याय, सत्राचा दिवस आणि वेळ पक्की करून ती पाळली जाते का हे तपासायचं. नवी खरेदी नाही, अधिकाऱ्याच्या अधिकारातलं काम, महिनाभरात सुरू होऊ शकतं. ज्या तालुक्यात सत्रंच रद्द होतात तिथे हाच निवडावा. धोका असा की तपासणी दोन महिन्यांत ढिली पडते.

दुसरा पर्याय, पक्का दिवस अधिक प्रोत्साहन. परिणाम मोठा, पण वरून मंजुरी लागते, डाळीची खरेदी, साठवण, वाटप आणि नोंदवही हे सगळं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अंगावर येतं. जिथे सत्रं नियमित होतात, आया पहिल्या एक-दोन डोसांना येतात आणि मग गळतात, तिथे ह्याचा विचार करावा. कारण पेपरातली डाळीची खरी करामत शेवटच्या फेऱ्यांत होती. पहिला डोस घेण्यात दोन्ही प्रकारच्या शिबिरांत फारसा फरक नव्हता. फरक पडला तो शेवटपर्यंत टिकण्यात.

तिसरा पर्याय त्या पेपरात नाहीच. तो हरियाणातल्या, नंतरच्या एका मोठ्या प्रयोगातून आला. तो पेपर २०२१ साली आला आणि त्यातही बॅनर्जी आणि डुफ्लो आहेत. तिथे मोबाईल रिचार्जच्या रूपात प्रोत्साहन, एसएमएसची आठवण, आणि गावात ज्यांच्या तोंडून बातमी सगळीकडे पोचते अशा लोकांना हाताशी धरणं, ह्यांच्या अनेक जोड्या तपासल्या. सगळ्यात जास्त लसीकरण वाढलं ते तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर, त्यातही रिचार्जची रक्कम पुढच्या डोसांना वाढत गेली तेव्हा. पण रुपयामागे सगळ्यात जास्त लसी हव्या असतील तर उत्तर निघालं बातमी पोचवणारे लोक आणि एसएमएस, प्रोत्साहन नाही!

हे वाचून मी जरा हिरमुसलो, खरं सांगायचं तर. उदयपूरच्या डाळीवर माझा जीव जडला होता. पण एकाच पेपरवरून धोरण-टिपण लिहिण्यातला सगळ्यात मोठा धोका नेमका हाच. एक पेपर म्हणजे एका जागी, एका काळात, एका संस्थेनं केलेली एक गोष्ट. ह्या विषयातले जाणकार तर म्हणतात की टिपणाची सुरुवात पेपरपासून करूच नये, प्रश्नापासून करावी आणि त्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करावेत. ते योग्यच आहे. पण प्रत्यक्षात बऱ्याचदा हातात एकच पेपर येतो. मग निदान त्या विषयावर नंतर काय झालं हे शोधायचं आणि टिपणाच्या दुसऱ्या पानावर प्रामाणिकपणे लिहायचं.

नोबेलचा उल्लेख का नको ते आता कळलं असेल. तो घातला की पेपर म्हणजे ब्रह्मवाक्य होऊन बसतो. आणि इथे तर त्याच लोकांनी पुढे जाऊन दुसऱ्या राज्यात वेगळं उत्तर दिलंय.

आपल्याकडे लागू पडेल का?

दुसऱ्या पानाच्या तळाशी आम्ही एक चौकट ठेवली. मथळा 'हे कुठे लागू पडणार नाही'. साधारण 'मर्यादा' असा मथळा असतो आणि त्याखाली कुणी वाचत नाही. पेपरातल्या मर्यादा संशोधकांसाठी असतात, नमुना किती, पद्धत कुठली वगैरे. अधिकाऱ्याला वेगळ्या मर्यादा हव्या असतात.

आम्ही दोनच लिहिल्या. पहिली, उदयपूरच्या त्या गावांत सुरुवात शंभरात ६ पासून होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ७६.४ टक्क्यांचं लसीकरण पूर्ण होतं. (वयोगट वेगळा आहे, म्हणून दोन आकडे थेट शेजारी मांडायचे नाहीत, पण चित्र कळतं.) शंभरात ७६ झालेली असताना उरलेली २४ मुलं ही 'डाळ मिळाली तर येऊ' असं म्हणणाऱ्या घरांतलीच असतील असं नाही. ती स्थलांतर करणाऱ्या मजुरांची असू शकतात, नाहीतर लसीनंतरच्या तापाला घाबरलेल्या घरांतली. त्यांच्यासाठी डाळ हे उत्तर असेलच असं नाही. आधी शोधायचं, की आपल्या जिल्ह्यातली मुलं पहिल्या डोसालाच येत नाहीत की मधे गळतात. नोंदवहीतून हे एका दुपारी काढता येतं, आणि त्यावर पर्याय ठरतो.

दुसरी, उदयपूरचं काम एका संस्थेनं केलं, स्वतःची माणसं लावून. तोच शिस्तीचा पक्का दिवस सरकारी यंत्रणेला तितकाच जमेल हे त्या पेपरातून सिद्ध होत नाही.

आणि काय गाळलं? पुष्कळ. डाळवाल्या गावांच्या शेजारच्या गावांतही लसीकरण जास्त दिसलं, म्हणजे लोक चालत येत होते, हा भाग मला जीवापाड आवडलेला. तो गेला. ताई म्हणाली, "त्याच्यामुळे ह्या साहेबांचा निर्णय बदलतो का? नाही ना? मग ते परिशिष्ट." हाच तिचा गाळण्याचा एकमेव नियम. निर्णय बदलत असेल तर राहील, नुसतं रंजक असेल तर जाईल.

तपासणी

लिहून झाल्यावर दोन परीक्षा असतात. पहिली आकड्यांची. टिपणातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि पेपरात तो कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर आकडा काढायचा. आपण मधेच कुठेतरी दोन आकड्यांचा गुणाकार करून तिसरा जन्माला घालतो आणि तो पेपरचा म्हणून छापला जातो, हे ह्यातून सापडतं.

दुसरी परीक्षा माणसाची. ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला पाच मिनिटं कागद द्यायचा, काढून घ्यायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. प्रश्न काय होता, काय सापडलं, आणि मला कशातून निवडायचं आहे? आम्ही हे माझ्या बाबांवर केलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, कागद वाचायची सवय दांडगी. त्यांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली. तिसऱ्याला म्हणाले, "डाळ द्यायची असं म्हणताय तुम्ही."

आम्ही तसं कुठेही म्हटलं नव्हतं. पण तीन पर्यायांपैकी डाळीला सात ओळी होत्या आणि बाकीच्यांना तीन-तीन. ओळींची लांबीच शिफारस करून बसली होती! ताईनं तिघांना चार-चार ओळी दिल्या. बाबांच्या एका मित्राला पुन्हा वाचायला दिलं, तेव्हा ते म्हणाले, "आधी बघा मुलं कुठे गळतात ते, मग ठरवा."

तेवढं एक वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यात उरावं म्हणून ही दोन पानं होती. आम्ही ते मग पहिल्या पानावर, तीन संदेशांच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत टाकलं.